गणपतीसाठी गेट, कंपाउंड आणि झाडांची सजावट : भर पावसात लाइटिंग आणि झेंडूच्या माळा कशा लावायच्या

दिवाळीत बंगल्याला बाहेरून लाइटिंग करणं तसं सोपं असतं. पाऊस बहुतेक संपलेला असतो, भिंत कोरडी असते आणि माळ कशीही टांगली तरी चार-पाच दिवस निभावून जाते. गणपतीत मात्र ठाण्यात भाद्रपदाचा पाऊस कधी येईल सांगता येत नाही. भिंत ओली, झाड ओलं, गेट लोखंडाचं आणि तेही ओलं. म्हणून इथे गणपतीचंच उदाहरण घेतो. यात जे टिकेल ते दिवाळीत टिकेलच.

उदाहरणासाठी ठाण्यातल्या उपवन तलावाच्या बाजूचा एक बंगला धरू. गेट १२ फुटी, दोन्ही बाजूंना दीड फूट रुंदीचे, ७ फूट उंचीचे दगडी लादी लावलेले खांब. रस्त्याच्या बाजूची कंपाउंडची भिंत गेट सोडून ३३ फूट लांब आणि ५ फूट उंच, वर कोब्याची पट्टी दोन इंच पुढे आलेली. आत एक मोठा आंबा, भिंतीलगत चाफा आणि कोपऱ्यात नारळ. बंगल्याच्या पोर्चपासून गेटपर्यंत अंतर ४० फूट.

आधी सप्लाय, मग सजावट

बहुतेक जण बाजारातून माळा आणतात, गेटवर टांगतात आणि मग सप्लाय कुठून घ्यायचा ते शोधत बसतात. शेवटी खिडकीतून एक्स्टेन्शन बाहेर येतं, ते हिरवळीवरून गेटपर्यंत जातं आणि त्याचा बोर्ड कुंडीमागे ठेवला जातो. पावसाळ्यातली निम्मी भानगड तिथेच सुरू होते.

घरमालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘मीटरवर लोड येईल का हो?’ या बंगल्याचाच हिशोब बघा. भिंतीवरची १० मीटर एलईडी स्ट्रिप साधारण ७० वॅट, सगळ्या माळा मिळून ४०-५० वॅट आणि झाडांखालचे दोन फ्लडलाइट मिळून ६० वॅट. म्हणजे एकूण १८० वॅटच्या आसपास. इस्त्रीसुद्धा याच्या चार-पाच पट खाते. तेव्हा लोडची काळजी नको. काळजी करायची ती लीकेजची, म्हणजे ओल्या जोडातून भिंतीत, गेटमध्ये किंवा माणसाच्या अंगातून जमिनीत उतरणाऱ्या करंटची.

त्यासाठी बाहेरच्या लाइटिंगचा सप्लाय आरसीसीबीतूनच घ्यायचा, ३० मिलीअँपिअरच्या. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परत येतोय की नाही, हे तो सतत तपासतो. फरक पडला की क्षणात सप्लाय तोडतो. नव्या बंगल्यांच्या मेन बोर्डात तो असतो. जुन्या बंगल्यात नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून फक्त बाहेरच्या लाइनसाठी एका छोट्या बॉक्समध्ये आरसीसीबी आणि ६ अँपिअरचा एमसीबी बसवून घ्या. त्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघा. ‘खट्’ करून पडला तर ठीक, नाही पडला तर तो नुसता शोभेचा आहे. त्याची एक मर्यादाही लक्षात असू द्या. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आली तर त्याला काही कळत नाही. त्यामुळे आरसीसीबी आहे म्हणून चालू माळेला हात घालायचा नाही.

पोर्चपासून गेटपर्यंत तीन कोअरची गोल केबल न्यायची, दीड चौरस मिलिमीटरची, मधे एकही जोड न देता. ४० फूट अंतर, चढ-उतार आणि थोडा झोळ धरून ५० फूट घ्या. केबल जमिनीवरून न्यायची नाही. पोर्चच्या कडेने, मग भिंतीच्या आतल्या अंगाने, जमिनीपासून निदान तीन फूट वरून न्यायची. गेटच्या आतल्या बाजूला, खांबाच्या पाठीमागे पावसाच्या माऱ्यात न येणाऱ्या जागी पीव्हीसीचा बंद बॉक्स बसवायचा. सगळे प्लग त्यात राहतील.

बॉक्सला भोकं फक्त खालून पाडायची, वरून किंवा बाजूने अजिबात नाही. बॉक्समध्ये शिरण्याआधी प्रत्येक वायर चार-सहा इंच खाली झुकवून मग वर घ्यायची. वायरीवरून ओघळत आलेलं पाणी त्या झोळाच्या तळाशी थांबतं आणि टपकून जातं. हा झोळ ठेवला नाही तर तेच पाणी वायर धरून थेट प्लगात शिरतं.

जोडावर प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून टेप मारायची सवय फार जुनी आहे. उपवनच्याच बाजूला एका बंगल्यात रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला आरसीसीबी पडायचा, पाऊस असो वा नसो. दिवसा सगळं ठीक. माळेचा कंट्रोलर पिशवीत बांधलेला होता. पिशवी सोडली तर तळाशी चमचाभर पाणी. पावसाचं एक थेंबही आत गेलं नव्हतं. दिवसभर उन्हाने पिशवीतली हवा तापायची, संध्याकाळी गार झाली की वाफेचं पाणी आतल्या बाजूला धरायचं आणि ओघळून कंट्रोलरच्या फटीत जायचं. पिशवी काढली, त्याऐवजी बाटलीचा तळ कापून ती छत्रीसारखी जोडावर उलटी टांगली, खालचं तोंड उघडं ठेवलं. त्रास तिथेच संपला. बाहेर जोड द्यायचीच वेळ आली तर आतून रबर टेप ताणून गुंडाळायची, वरून पीव्हीसी टेप आणि त्यावर ही बाटली. नुसती काळी टेप दोन दिवसांत सुटते.

माळ विकत घेताना

बाजारात दिसायला सारख्या पण आतून अगदी वेगळ्या अशा दोन माळा मिळतात. एक सरळ २३० व्होल्टवर चालणारी, प्लगजवळ छोटा कंट्रोलर असलेली. दुसरी ॲडॅप्टरवाली, जिच्यात ॲडॅप्टरच्या पुढे २४ किंवा ३१ व्होल्टच असतात. पहिली स्वस्त असते. एकेका बल्बला तीन व्होल्ट पुरतात म्हणून ती निरुपद्रवी वाटते, पण सगळे बल्ब एकामागे एक जोडलेले असतात आणि टोकांवर मेनचाच दाब असतो. कुठेही साल निघालं, ओल्या पायाने कोणी हात लावला, की झटका बसणार.

म्हणून माझा नियम असा : हात पोचेल तिथे, म्हणजे सात फुटांपर्यंत, ॲडॅप्टरवाली माळ. दर्शनाला येणाऱ्यांची मुलं खांबावरचे बल्ब ओढून बघणारच, त्यांना तुम्ही किती वेळा सांगणार? ॲडॅप्टर बॉक्सच्या आत ठेवायचा. कंट्रोलर असला तरी तोही आतच, कारण सगळ्या माळेत पाण्याला सगळ्यात कच्चा तोच तुकडा असतो.

गेल्या वर्षीच्या माळा वापरणार असाल तर आधी सप्लाय न देता बोटांतून सरकवून बघा. उंदराने कुरतडलेली जागा बोटाला लागते. बल्बच्या मुळाशी तांबं हिरवं पडलेलं दिसलं की ती माळ बाहेर नको, घरात आरासीला वापरा. मग उरलेल्या माळा जमिनीवर पसरून तासभर चालू ठेवा. मधलाच एखादा पट्टा विझला तर शिडीवर चढण्याआधी कळलेलं बरं.

रंग एकच घ्या, पिवळसर पांढरा, दुकानात ज्याला वॉर्म व्हाइट म्हणतात तो. थंड पांढऱ्या प्रकाशात झेंडू मळकट दिसतो आणि हिरवा फ्लड मारलेलं झाड प्लॅस्टिकचं वाटतं. कंट्रोलरवर आठ तऱ्हेची लुकलुक असते, ती ‘स्टेडी’वर आणून सोडून द्या. घरात गणपती आहे, बाहेर डिस्को नको.

भिंत

भिंतीवर माळेच्या कमानी सोडायची पद्धत आहे, पण ३३ फूट भिंतीला त्या जरा केविलवाण्या दिसतात आणि वाऱ्याने हलून बल्ब भिंतीवर आपटतात. त्यापेक्षा कोब्याच्या पुढे आलेल्या पट्टीखाली, आतल्या कोपऱ्यात, जाड पीव्हीसी आवरणाची एलईडी स्ट्रिप लावा, तोंड खाली करून. स्ट्रिप डोळ्याला दिसत नाही, फक्त भिंत वरून खाली उजळत जाते. वर पट्टीचं छप्पर असल्याने पाऊसही थेट लागत नाही.

३३ फूट म्हणजे १० मीटर, पण गेटमुळे भिंतीचे दोन तुकडे पडतात : एका बाजूला १८ फूट, दुसऱ्या बाजूला १५. स्ट्रिपवर कापायच्या खुणा असतात आणि खुणेवरच कापावी लागते, अधेमधे कापली तर तो तुकडा पेटत नाही. म्हणून ६ आणि ५ मीटरचे दोन तुकडे घ्या. जास्तीचा भाग खांबाच्या मागे वळवता येतो. प्रत्येक तुकड्याला वेगळी पॉवर कॉर्ड लागेल. कॉर्डची पिन उलटी बसली तर स्ट्रिप पेटत नाही, सप्लाय बंद करून फिरवून लावा. शेवटच्या टोकाला टोपी आणि सिलिकॉन लावायचंच. पाणी तिथूनच शिरतं आणि मग स्ट्रिपमध्ये पुढे सरकत राहतं. सिलिकॉन सुकायला एक दिवस द्यावा लागतो, त्यामुळे हे काम आधीच उरका.

दुसऱ्या बाजूच्या तुकड्याला केबल गेटखालून रस्ता ओलांडून नेऊ नका. गाडीचं चाक रोज त्यावरून जाणार. ती वरून न्यायची, तोरणाच्या बांबूवरून. ते पुढे येईलच.

खांब आणि गेट

खांबाच्या चारही बाजूंनी माळ गुंडाळली तर ती गेटाच्या बिजागरीपाशी येते. गेट उघडताना-मिटताना तिथे वायर चेपते, साल निघतं आणि आख्खं गेट लाइव्ह होतं. पावसाळ्यात गेटला शॉक लागण्याचं हे अगदी नेहमीचं कारण. म्हणून बिजागरीची बाजू मोकळी सोडायची आणि गेटाच्या पल्ल्यावर एकही माळ बांधायची नाही, कितीही सुंदर दिसत असली तरी.

रस्त्याकडची बाजू पुरते. दीड फूट रुंदीत सहा-सहा इंचांवर चार उभ्या रेघा येतात. ७ फुटी चार रेघा म्हणजे २८ फूट, वर-खाली वळायला दीड फूट, म्हणजे एका खांबाला ३० फूट आणि दोन्हीला ६०. दहा मीटरच्या दोन माळा बरोबर बसतात. दगडी लादीत खिळे ठोकायचे नाहीत. खांबाला वर एक आणि खाली एक अशी सुतळी करकचून बांधा आणि माळ त्या दोन सुतळ्यांमध्ये वर-खाली ओवत जा. बघणाऱ्याला सुतळी दिसत नाही, कारण वरची सुतळी फुलांखाली जाते आणि खालची कुंड्यांमागे.

आता तोरण. खांब ७ फुटी, त्यावर सरळ तोरण बांधलं तर लोंबते सर साडेपाच फुटांवर येतात. मूर्ती टेम्पोतून येणार असेल तर पहिलं तोरणच तुटेल. प्रत्येक खांबाच्या आतल्या बाजूला एक उभा बांबू काथ्याने तीन ठिकाणी बांधा, बांबू आणि दगड यांच्यामध्ये गोणपाटाची घडी घालून, म्हणजे तो घसरत नाही आणि लादीला चराही पडत नाही. १० फुटांवर आडवा बांबू टाका. आडव्या बांबूच्या मागच्या अंगाला दुसऱ्या भिंतीकडची केबल बांधून टाका, पुढच्या अंगाला तोरण. केबल काथ्यानेच बांधायची, बाइंडिंग वायरने नाही. ती तार वाऱ्याने सालात रुतते.

झाडं

आंब्याला माळ गुंडाळायची तर किती लागेल? घेर ३ फूट, उंची १० फूट, दोन वेढ्यांमध्ये चार इंच अंतर. १२० भागिले ४ म्हणजे ३० वेढे, प्रत्येकी ३ फूट, म्हणजे ९० फूट. खालीवरचं धरून १०० फूट, ३० मीटर. लोक अंदाजाने एक दहा मीटरची माळ आणतात, मग वेढे फूट-फूट अंतरावर जातात आणि झाड पट्टेरी दिसतं. तेवढी माळ नसेल तर पूर्ण झाडाऐवजी खालचा ३ फुटांचाच भाग दाट गुंडाळा, ते चांगलं दिसतं.

पण खरं सांगायचं तर एवढ्या मोठ्या आंब्याला माळेची गरजच नसते. खोडापासून तीन फुटांवर ३० वॅटचा फ्लड ठेवा, प्रकाश खोडावरून वर पानांत जाऊ द्या. झाडाची सगळी घडण दिसते आणि शिडीचं काम वाचतं. फ्लड आयपी ६५ चा, म्हणजे पाण्याच्या फवाऱ्यानेही आत पाणी न जाणारा असावा. तो दोन विटांवर उचलून ठेवा आणि थोडा तिरका करा. अगदी सरळ वर तोंड केलं तर काचेवर पाणी साचतं आणि पाण्यात पानं चिकटतात. फ्लडची बॉडी धातूची असते, तिला तीन वायरी येतात. त्यातली हिरवी वायर बरेच जण सरळ कापून टेप मारून टाकतात, कारण दोन पिनच्या प्लगात तिला जागा नसते. काम करणाऱ्याला समोर उभं राहून ती अर्थिंगला जोडायला लावा.

नारळालाही तसाच एक फ्लड, पण बुंध्यापासून थोडा लांब. झावळी किंवा नारळ पडला तर थेट त्यावर येऊ नये. शेंड्यापर्यंत माळ न्यायच्या भानगडीत पडू नका. चाफा मात्र माळेचंच झाड आहे. फांद्या उघड्या, जाड आणि हाताच्या उंचीवर असतात. फांदीच्या कडेकडेने ॲडॅप्टरवाली माळ नेली तर चाफ्याची वळणं रात्री फार सुरेख दिसतात.

झाडाला खिळा नाही आणि घट्ट आवळलेला प्लॅस्टिकचा टायही नाही. सुती पट्टीने किंवा सुतळीने सैल बांधा आणि विसर्जनानंतर आठवणीने सोडा. वर्षभर राहिलेली गाठ खोडात रुतून बसलेली अनेक झाडांवर दिसते. शिडी लावण्याआधी आंब्याची पानं वरपर्यंत न्याहाळून घ्या. चार-पाच पानं एकत्र शिवून चेंडू केल्यासारखा दिसला तर ते लाल मुंग्यांचं घर आहे, ती फांदी सोडून द्या. लाइटिंगला आड येते म्हणून फांदी छाटायची असेल तर तेही परस्पर करता येत नाही. महाराष्ट्रात १९७५ च्या झाडांच्या संरक्षणाच्या कायद्याखाली स्वतःच्या आवारातल्या झाडालाही महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. गेटबाहेरचं रस्त्याचं झाड तर तुमचं नाहीच, त्याला हात लावू नका. झाडांवरच्या रोषणाईचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे आणि ती तक्रार ठाण्यातूनच झाली होती.

येऊरचं जंगल उपवनला अगदी लागून आहे. रात्रभर उजळलेल्या झाडात पक्षी झोपत नाहीत, म्हणून झाडांचे दिवे दहाला बंद. आठवणीवर सोडू नका, साधा टायमर प्लग मिळतो. गेट आणि भिंत हवी तर नंतरपर्यंत राहू द्या.

फुलं

लाइटिंग हरितालिकेच्या संध्याकाळपर्यंत उरकलेली असावी. फुलं त्या रात्री ओवायची आणि चतुर्थीला पहाटे लावायची.

हिशोब तोरणापासून करू. आडवी माळ झोळासकट १४ फूट, त्याला दीड फुटाचे नऊ लोंबते सर, मिळून साडेसत्तावीस फूट. खांबाच्या गळ्याला घेर ६ फूट, प्रत्येकी दोन वेढे, दोन खांबांचे २४ फूट. एकूण पन्नास-बावन्न फूट. किलोभर झेंडूत साधारण १० फूट माळ होते, म्हणजे सव्वापाच किलो. पावसाळ्यात गोणीतली खालची फुलं चेपलेली, काळी पडलेली निघतात, म्हणून साडेसहा किलो घ्या. ठाण्यात जांभळी नाक्याला मिळतात. जास्त लागणार असतील तर पहाटे दादर किंवा कल्याणचा फुलबाजार.

फूल घेताना मूठभर उचलून हलकेच दाबा. पाणी निथळलं तर तो झेंडू दुसऱ्या दिवशी आतून कुजणार, वरून कितीही टवटवीत दिसू दे. घरी आणल्यावर वर्तमानपत्रावर एका थरात पसरून पंख्याखाली दोन-तीन तास ठेवा. जाड दोऱ्याने, देठाकडून मध्यातून ओवा आणि दर चार फुलांनंतर एक आंब्याचं पान दुमडून घाला. ते दिसतं छान, पण खरं काम हवा खेळती ठेवण्याचं करतं. फुलाला फूल चिकटलेली माळ पावसात दीड दिवसही काढत नाही.

खांबाच्या गळ्याला माळेखाली आधी आंब्याच्या पानांची एक ओळ बांधा. ओला झेंडू पांढऱ्या रंगावर पिवळे ओघळ सोडतो. कापडी माळा वापरायचा विचार असेल तर एक फूल आधी पाण्यात बुडवून पांढऱ्या कपड्यावर दाबून बघा. स्वस्तातल्या माळांचा रंग पहिल्याच सरीत भिंतीवर उतरतो. फुलं आणि बल्ब एकमेकांत गुंफू नका. सुकलेली माळ बदलताना बल्बाची वायर ओढली जाते.

पाच फुटांच्या खाली फूल नको, मोकाट गाय चालता चालता अख्खा सर ओढते. केळीचे खांब लावणार असाल तर घड नसलेले घ्या, येऊरच्या बाजूची माकडं घडासाठी येतात आणि जाताना तोरणही घेऊन जातात. गौरी येतात त्या दिवशी तोरण बदलायचं, त्यामुळे दुसऱ्या खेपेची साडेसहा किलो फुलं आधीच धरून ठेवा.

रोजचं बघणं

दिवे लावले की लगेच एकदा गेटला टेस्टर लावा. टेस्टरचा दिवा पेटला, मंद का असेना, तर सप्लाय बंद करून कारण शोधा. आरसीसीबी पडत असेल तर तो पुन्हा पुन्हा वर करू नका. बॉक्समधले सगळे प्लग काढा, आरसीसीबी वर करा, मग एकेक प्लग लावत जा. ज्या प्लगाला तो पडेल ती माळ खराब. तिचा प्लग काढून बाजूला ठेवा, भिजत्या पावसात दुरुस्ती नको. सगळे प्लग काढूनही पडत असेल तर दोष माळांत नाही, केबलमध्ये किंवा बॉक्समध्ये आहे. बहुतेक वेळा तो झोळ न ठेवलेल्या वायरीतून आत आलेल्या पाण्याचा असतो.

विसर्जनानंतर फुलं निर्माल्य कलशात द्या, काथ्या आणि पानं सोडवून. माळा आधी सावलीत पूर्ण वाळवा, मग पुठ्ठ्यावर सैल गुंडाळा आणि प्रत्येक पुठ्ठ्यावर ‘चाफा’, ‘डावा खांब’ असं लिहून ठेवा.